तांबं कुठून आणणार?

“युद्धासाठी पैसा सापडतो, मग दवाखान्यांसाठी का सापडत नाही?” या प्रश्नाला आपल्याकडच्या कोणत्याही परिसंवादात टाळ्या पडतात. त्याच्यामागे एक पूर्ण युक्तिवाद उभा असतो. तो असा: साधनांची दुर्मिळता ही अर्थशास्त्रज्ञांनी धनिकांच्या सोयीसाठी रचलेली कल्पना आहे. श्रीमंत देशांनी तर टंचाई केव्हाच संपवली आहे. आता काय बनवायचं आणि काय सोडायचं हा प्रश्नच उरलेला नाही, उरला आहे तो फक्त वाटपाचा आणि दानतीचा. पुरावा म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेकडे बोट दाखवलं जातं. मंदीची दहा वर्षं तिजोरी रिकामी असल्याचं सांगणाऱ्या सरकारला १९४२मध्ये एकाएकी हवे तेवढे डॉलर सापडले, म्हणजे टंचाई खोटी होती, असा निष्कर्ष.

या युक्तिवादातला संताप मला पटतो. ‘पैसे नाहीत’ हे कारण किती वेळा धडधडीत खोटं असतं, हे आपण सगळेच जाणतो. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची शिक्षा ज्यांच्या बाजूने तो मांडला जातो त्यांनाच भोगावी लागते. म्हणून मी त्यांचाच पुरावा हातात घेतो. १९४२ची अमेरिका ही जगातली सर्वांत श्रीमंत अर्थव्यवस्था होती, तिच्यापाशी पैशाची अडचण नव्हती, राजकीय इच्छाशक्ती तर ओसंडून वाहत होती. दुर्मिळता ही केवळ बतावणी असती, तर ती या वर्षी, या देशात नाहीशी व्हायला हवी होती.

६ जानेवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काँग्रेससमोर आकडे जाहीर केले: त्या एका वर्षात साठ हजार विमानं आणि पंचेचाळीस हजार रणगाडे, पुढच्या वर्षी सव्वा लाख विमानं आणि पंच्याहत्तर हजार रणगाडे. काँग्रेसने निधीला हात आखडता घेतला नाही. भूदल, नौदल, जहाजबांधणी आयोग, सगळ्यांनी कारखान्यांशी धडाधड करार केले. त्याच महिन्यात युद्धोत्पादन मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या प्रमुखपदी डोनाल्ड नेल्सन आले. फेब्रुवारीत नागरी मोटारींचं उत्पादन बंद झालं. इथपर्यंतची कहाणी प्रतिपक्षाला आवडेल अशीच आहे. इच्छा होती, पैसा आला, कामं सुरू झाली.

पण उन्हाळा येईपर्यंत करारांचे कागद एकीकडे आणि पोलाद-तांब्याचा साठा दुसरीकडे अशी स्थिती झाली. अँड्र्यू हिगिन्स यांना न्यू ऑर्लिन्समध्ये दोनशे लिबर्टी जहाजं बांधण्याचं काम मार्चमध्ये मिळालं होतं. गोदीचं बांधकाम सुरू असताना जुलैमध्ये करार रद्द झाला, कारण त्या जहाजांसाठी पोलादच उपलब्ध नव्हतं. करार होता, निधी होता, माणसं उभी होती. पत्रा नव्हता.

टंचाई कागदावर कशी दिसते, हे पाहायचं तर त्या काळची प्राधान्यक्रमाची चिठ्ठी पाहावी. ज्याच्या मागणीवर ‘ए-१’ शिक्का त्याला माल आधी, ‘ए-१०’वाल्याला शेवटी, अशी मूळ पद्धत. प्रत्येक अधिकाऱ्याला आपलं काम सर्वांत निकडीचं वाटणं स्वाभाविक होतं, म्हणून ‘ए-१’चे शिक्के इतके वाटले गेले की त्यांना अर्थ उरला नाही. मग त्याच्यातच ‘ए-१-ए’ आलं, त्यावर ‘एए’ आलं, त्याच्याही वर ‘एएए’. शिक्का म्हणजे एक प्रकारचं चलनच झालं होतं. ते कितीही छापता येत होतं, पण प्रत्येक नव्या शिक्क्यामागे तांब्याचा एक किलोही वाढत नव्हता. नोटांनी होते तीच महागाई इथे प्राधान्यक्रमाची झाली.

या गोंधळात आकडेमोड करायला बसले सायमन कुझ्नेट्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाची पहिली पद्धतशीर मोजणी याच माणसाने १९३४मध्ये सिनेटला सादर केली होती. पुढे १९७१मध्ये त्यांना नोबेल मिळालं. युद्धोत्पादन मंडळाच्या नियोजन समितीचे प्रमुख रॉबर्ट नेथन यांनी त्यांना विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: हे सगळं एकत्र होऊ शकतं का? कुझ्नेट्सनी देशाचं एकूण उत्पादन, त्यातला युद्धाकडे वळवता येण्याजोगा भाग, कच्चा माल, यंत्रं आणि कामगार यांचे हिशेब एकमेकांशी ताडून पाहिले. ऑगस्टमध्ये त्यांचा अहवाल तयार झाला. निष्कर्ष असा की ठरवलेला कार्यक्रम ठरवलेल्या मुदतीत होणं शक्य नाही.

अहवालातला खरा मुद्दा याच्यापुढे होता, आणि प्रतिपक्षाने वाचावा तो हाच. अशक्य लक्ष्य ठेवल्याने उत्पादन जास्तीत जास्त होईल, असं सेनाधिकाऱ्यांना वाटत होतं. खूप मागितलं तर निदान थोडं मिळेल, हा नेहमीचा व्यवहारी विचार. कुझ्नेट्स म्हणत होते की उलट होईल. सगळंच एकदम सुरू केलं की पोलाद नवे कारखाने बांधण्यात जातं, आणि ते उभे राहिले की त्यांत चालवायला पोलाद उरत नाही. एका ठिकाणी रणगाड्याचे सांगाडे साचतात, दुसरीकडे इंजिनं अडकतात. अर्धवट वस्तूंचे ढीग वाढतात आणि लढायला जाणाऱ्या वस्तू कमी होतात. मर्यादा न मानल्याने ती सरकत नाही. ती आपल्या मनासारखी न पाळता कशीही पाळली जाते, इतकंच.

भूदलाच्या पुरवठा विभागाचे प्रमुख जनरल ब्रेहॉन सॉमरवेल यांनी सप्टेंबरमध्ये याला तिखट उत्तर पाठवलं. अर्थतज्ज्ञांच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि युद्धाची गरज कुणी बाहेरच्याने मोजावी हेही त्यांना मान्य नव्हतं. ऑक्टोबरच्या बैठकांमध्ये खडाजंगी झाली. पण पोलाद कुणाच्या हुद्द्याला दबत नाही. नोव्हेंबरमध्ये सेनाप्रमुखांनी १९४३चा कार्यक्रम सुमारे ९३ अब्ज डॉलरांवरून सुमारे ८० अब्जांवर आणला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाने, प्राणांतिक युद्धात, तिजोरीचं दार सताड उघडं असताना, आपल्या मागण्यांतला जवळजवळ सातवा हिस्सा खोडला.

त्याच महिन्यात फर्डिनंड एबरस्टाट यांची ‘नियंत्रित साहित्य योजना’ जाहीर झाली. ती मोजक्या शब्दांत सांगतो, कारण निवड म्हणजे काय ते तिच्यात उघडं दिसतं. पोलाद, तांबं आणि ॲल्युमिनियम एवढ्या तीनच धातूंवर नियंत्रण ठेवायचं, कारण त्यांच्यावाचून काहीच बनत नाही. भूदल, नौदल, जहाजबांधणी, मित्रदेशांची मदत, नागरी गरजा अशा प्रत्येक खात्याने दर तिमाहीत आपल्या वस्तूंना कुठला धातू किती लागेल याची यादी द्यायची. मंडळाने बेरीज करायची, ती पुरवठ्यापेक्षा जास्तच यायची, मग प्रत्येक यादीला कात्री लावून बेरीज पुरवठ्याएवढी आणायची. ज्याला जेवढा धातू मंजूर झाला तेवढाच त्याने आपल्या ठेकेदारांना आणि त्यांनी उपठेकेदारांना वाटायचा. शिक्के अमर्याद छापता येत होते, धातूचा कोटा मात्र धातूएवढाच असायचा. १९४३च्या मध्यापासून योजना पूर्णपणे लागू झाली आणि उत्पादनाची घडी बसली.

तांब्याची ओढाताण किती होती, याची साक्ष सरकारच्याच तिजोरीत आहे. तांबं काडतुसांना आणि तोफगोळ्यांना हवं होतं, म्हणून १९४३चं एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं पाडलं गेलं. ओक रिजला युरेनियम वेगळं करणाऱ्या प्रचंड विद्युतचुंबकांच्या गुंडाळ्यांनाही तांबं हवं होतं. ते मिळेना तेव्हा कर्नल केनेथ निकोल्स अर्थखात्याकडे गेले आणि त्यांनी चांदी उसनी मागितली. शेवटी सुमारे १४,७०० टन चांदी तारांसाठी वापरली गेली आणि तिचा शेवटचा भाग १९७०मध्ये परत आला. पैशाच्या हिशेबात चांदी तांब्याहून कितीतरी महाग. पण त्या क्षणी चांदी तिजोरीत निवांत पडून होती आणि तांब्याच्या प्रत्येक किलोवर कुणाचा तरी हक्क होता. वस्तू बाजारात महाग आहे की स्वस्त, यावरून तिची खरी किंमत कळत नाही. ती दुसरीकडे काय करू शकली असती, यावरून कळते.

अधिक बोलकं उदाहरण रबराचं. जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला. डिसेंबर १९४२पासून देशभर पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं, ते बहुतांशी टायर वाचवण्यासाठी. लोकांनी गाडी कमी चालवावी, म्हणजे टायर कमी झिजतील. कृत्रिम रबराचे कारखाने तातडीने हवे होते. त्याच वेळी विमानांसाठी उच्च ऑक्टेनचं पेट्रोल हवं होतं. आणि अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजं बुडवत असल्यामुळे ताफ्यांना सोबत करणाऱ्या युद्धनौकाही हव्या होत्या. या तीन गोष्टींचा वरवर पाहता काही संबंध नाही. पण तिन्हींना झडपा, पंप, काँप्रेसर आणि उष्णता-विनिमयक लागत होते, आणि ते बनवणारे कारखाने तेच ते होते. रबराचे संचालक विल्यम जेफर्स आणि युद्ध खात्याचे उपसचिव रॉबर्ट पॅटरसन यांचं भांडण वर्तमानपत्रांत पोचलं. शेवटी रबराच्या कारखान्यांपैकी काहींनाच सर्वांत वरचा क्रम मिळाला, बाकीचे मागे राहिले.

इथे थांबून विचारावंसं वाटतं: यातला कोणता पक्ष वाईट होता? कुणाची दानत कमी पडली? तिन्ही मागण्या खऱ्या होत्या, तिन्हींमागे माणसांचे जीव होते, आणि एक झडप एकाच नळीवर बसते.

आता प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. १९४० साली अमेरिकेत सुमारे साडेचौदा टक्के कामगार बेकार होते आणि यंत्रं बंद पडून होती. अशा देशाने खर्च वाढवला तेव्हा शस्त्रंही वाढली आणि लोकांचं खाणंपिणं, मोटारी, फ्रिजसुद्धा वाढले. १९४१पर्यंत एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घ्यावं लागलं नाही. त्या दहा वर्षांत ‘पैसे नाहीत’ म्हणणारे चूकच होते, आणि लाखो कुटुंबांनी त्या चुकीची किंमत मोजली. पण १९४३मध्ये बेकारी दोन टक्क्यांखाली आली. रिकामी माणसं आणि रिकामी यंत्रं संपली की पुढचा प्रत्येक रणगाडा कुठल्यातरी ट्रॅक्टरच्या जागी बनतो. म्हणून ‘पैसा आहे का’ याऐवजी ‘कुणाचे हात मोकळे आहेत आणि कुठलं यंत्र थांबलं आहे’ असं विचारावं लागतं. मंदीत त्याचं उत्तर वेगळं येतं, भरभराटीत वेगळं. प्रतिपक्ष मंदीतलं उत्तर कायमचं धरून बसला आहे.

आणखी एक सवलत. पाठ्यपुस्तकांत ‘मानवी गरजा अमर्याद असतात’ असं वाक्य येतं, आणि टीकाकार म्हणतात की हा माणसावरचा हावरेपणाचा आरोप आहे. ते वाक्य मी आनंदाने सोडून देतो, कारण त्याची गरजच नाही. १९३२मध्ये लायोनेल रॉबिन्सनी जे मांडलं त्याचा गाभा वेगळा आहे: साधनं मर्यादित आहेत आणि त्यांचे पर्यायी उपयोग आहेत. माणसं साधूसारखी संयमी असली तरी आजारी मुलाला औषध आणि म्हाताऱ्या आईला शुश्रूषा ही दोन्ही एकाच परिचारिकेच्या एकाच तासातून हवी असतील, तर तिथे निवड आलीच.

याच्यावर प्रतिपक्षाचं सर्वांत भक्कम अस्त्र निघतं: १९४३चा बंगालचा दुष्काळ आणि अमर्त्य सेन. सेन यांनी १९८१च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की त्या वर्षी बंगालमध्ये धान्याचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होता, आणि १९४१पेक्षा तर जास्तच. तरीही चौकशी आयोगाच्या अंदाजाने पंधरा लाख आणि नंतरच्या अंदाजांनी तीस लाखांच्या आसपास माणसं मेली. मग दुष्काळ टंचाईचा कसा, असा सवाल येतो.

सेन यांचं विवेचन नीट वाचलं तर ते या सवालाच्या विरुद्ध उभं राहतं. युद्धखर्चाचा पैसा कलकत्त्यात आणि लष्करी कामांत ओतला गेला. ज्यांच्या हाती तो आला त्यांनी तांदूळ घेतला, भाव चढले, पण शेतमजुराची मजुरी तेवढी चढली नाही. त्याचा वाटा त्याच्या ताटातून सरकला. असं केव्हा घडू शकतं? तांदूळ ठरावीक असेल आणि एकाने जास्त घेतल्यावर दुसऱ्याला कमी उरत असेल, तेव्हाच. तांदूळ खरोखर हवेसारखा मुबलक असता, तर कलकत्त्याने कितीही खरेदी केली असती तरी मिदनापूरच्या मजुराचं काही बिघडलं नसतं. वाटपाचा प्रश्न दुर्मिळतेच्या जागी येत नाही, तो तिच्याच पोटी जन्मतो.

शिवाय बंगालमध्ये निवड झाली होती. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना स्वस्त दराने धान्य पुरवायचं, कारण युद्धाचा माल तिथून निघत होता, हे कुणीतरी ठरवलं होतं. जानेवारी १९४३मध्ये लंडनने हिंदी महासागराकडे जाणाऱ्या जहाजांच्या फेऱ्या निम्म्याहून अधिक घटवल्या, हेही कुणीतरी ठरवलं होतं. जहाजं तेव्हा जगभर अपुरी होती. तीच जहाजं, ज्यांच्यासाठी हिगिन्सना पोलाद मिळालं नव्हतं. हिंदुस्थानासाठी गहू आणण्याच्या मागण्या त्या जहाजांच्या यादीत खाली राहिल्या. वॉशिंग्टनमध्ये निदान टेबलावर याद्या होत्या, बेरीज होती, कात्री कुणी लावली ते नोंदलं जात होतं. बंगालच्या मजुराची यादी कुणी केली नाही, त्याच्या वतीने बैठकीत कुणी बसलं नाही, आणि त्याला वगळण्याचा निर्णय भाववाढीवर सोडून दिला गेला. माझा राग इथे आहे. ज्यांना ‘टंचाई ही बतावणी आहे’ असं म्हणायची सवय झाली आहे ते हा निर्णय शोधायलाच जात नाहीत. त्यांना खलनायक सापडतो. पण निर्णय कुठल्या टेबलावर झाला आणि कुठल्या पर्यायांतून झाला, हे सापडत नाही.

उरला शेवटचा आक्षेप: ती युद्धाची गोष्ट, आजचे श्रीमंत देश शांततेत आहेत. इथे गॅलब्रेथ यांच्या १९५८च्या ‘द ॲफ्लुअंट सोसायटी’चा हवाला येतो, जणू त्यांनी दुर्मिळतेचं दफन केलं. त्यांची तक्रार काय होती? अमेरिकेत खासगी वस्तूंची रेलचेल आहे आणि शाळा, रस्ते, स्वच्छता मात्र हलाखीत आहेत. म्हणजे देशाने एक बनवलं आणि दुसरं बनवलं नाही. काय बनवायचं याची निवड चुकली, हीच ती तक्रार. निवड लागतच नसती तर ती चुकलीही नसती.

आजचा श्रीमंत देश हवा असेल तर नॉर्वे घ्या. लोकसंख्या सुमारे पंचावन्न लाख. तेलाच्या उत्पन्नातून १९९०च्या कायद्याने निधी स्थापन झाला, १९९६मध्ये त्यात पहिली रक्कम पडली, आणि आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या सरकारी निधींपैकी एक आहे. हा सगळा निधी देशाबाहेर गुंतवलेला आहे, आणि दरवर्षी त्यातून किती वापरायचं यावर २००१पासून बंधन आहे: आधी निधीच्या चार टक्के, २०१७पासून तीन टक्के. पैसा असून देश हात का आखडतो? कारण नॉर्वेत ओतलेले क्रोनर नवे सुतार, नव्या परिचारिका, नवे अभियंते जन्माला घालत नाहीत. असलेल्यांनाच एका कामावरून दुसऱ्यावर खेचतात, मजुरी आणि भाव चढवतात, आणि निर्यात करणारे कारखाने माणसांअभावी आजारी पडतात.

या देशाने १९८७मध्येच, धर्मशास्त्रज्ञ इंगे लॉनिंग यांच्या अध्यक्षतेखाली, एका समितीकडून आरोग्यसेवेत कुणाला आधी आणि कुणाला नंतर याची तत्त्वं लिहून घेतली. आजार किती गंभीर, उपचाराने लाभ किती, आणि त्याला साधनं किती लागतात, हे तीन निकष पुढे संसदेने मान्य केले. २०२३मध्ये तिथल्या आरोग्य-मनुष्यबळ आयोगाने सांगितलं की देशातले सुमारे पंधरा टक्के कामगार आधीच आरोग्य आणि शुश्रूषेत आहेत, लोक म्हातारे होत आहेत, आणि हा हिस्सा असाच वाढवत नेता येणार नाही. त्यामुळे काही कामं कमी करावी लागतील आणि ती कोणती हे उघडपणे ठरवावं लागेल. ज्या देशाला परवडत नाही असं म्हणण्याची सोयच नाही, त्याला हे लिहावं लागतं. आपल्या व्यासपीठांवर ‘प्रत्येक तालुक्याला सुसज्ज रुग्णालय’ ही मागणी पुढच्या वेळी होईल तेव्हा मीही तिच्या बाजूने हात वर करीन, आणि त्याच बैठकीत विचारीन: भूलतज्ज्ञ कुठून येतील, तोवर ते जिथे आहेत तिथल्या कुठल्या शस्त्रक्रिया थांबतील, आणि हे ठरवणाऱ्या टेबलावर कोण कोण बसलेलं असेल?